परतीची तारीख कोण लिहिणार?

महिन्याभरापूर्वी एका महाविद्यालयाच्या बैठकीला बाहेरची सदस्य म्हणून गेले होते. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाचा अर्ज पुढे आला. आजारपणामुळे एक वर्ष शिक्षणात खंड मिळावा, अशी विनंती होती. त्यावर पाऊण तास चर्चा झाली आणि त्या पाऊण तासात अर्ज कुणी नीट वाचला नाही. एक बाजू म्हणत होती, आजच्या मुलांमध्ये दम नाही, एकाला दिलं की उद्या दहा जण रांगेत उभे राहतील. दुसरी बाजू म्हणत होती, नव्या शैक्षणिक धोरणात ये-जा करण्याची मुभा आहे, मुलांना हवं तेव्हा जाऊ द्या, हवं तेव्हा येऊ द्या. अर्जाची शेवटची ओळ होती, ‘तब्येत सुधारल्यावर पुन्हा रुजू होईन.’ त्या ओळीवर कुणीच बोट ठेवलं नाही. माझ्या मते सगळा प्रश्न त्याच ओळीत होता.

मी २० वर्षांहून जास्त काळ अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवलं, त्यातली काही वर्षं विभागप्रमुख होते. माझं मत आधीच सांगते. आजारपणासाठी किंवा घरच्या धंद्यासाठी एक वर्षाचा खंड विद्यार्थ्याला हक्काने मिळाला पाहिजे. पण त्यासोबत परत येण्याचा आराखडा लेखी हवा, आणि त्यावर विद्यार्थ्याइतकीच संस्थेचीही सही हवी. ‘द्यावा की न द्यावा’ हा वाद मला पोकळ वाटतो, कारण खंड पडायचा तो पडतोच. मूल आजारी पडतं, बाप अंथरुणाला खिळतो, हे आपल्या परवानगीने होत नाही. आपल्या हातात एवढंच असतं की तो खंड कागदावर कोणत्या नावाने लिहिला जाणार.

कागदावर नाव नसलं की काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे. पाचव्या सत्रात एका मुलीला ऑगस्टमध्ये क्षयरोगाचं निदान झालं. घरच्यांनी सांगितलं, कॉलेजात बोलू नकोस, उद्या लग्नाच्या वेळी गोष्ट निघेल. ती वसतिगृह सोडून गावी गेली. अर्ज नाही, फोन नाही. ऑक्टोबरअखेर हजेरीची यादी लागली, त्यात ती ७५ टक्क्यांच्या खूप खाली होती. टर्म ग्रँट झाली नाही, ती डिटेन झाली. त्या यादीवर विभागप्रमुख म्हणून माझी सही आहे. फेब्रुवारीत तिचा सहा महिन्यांचा औषधांचा कोर्स पूर्ण झाला, ती बरी झाली. पण मुलांच्या भाषेत तिची ‘वायडी’ लागली होती, म्हणजे इयर डाऊन, म्हणजे नापास. एकही पेपर न देता नापास. पुढे मुलाखतीत तिला विचारलं गेलं, वर्ष का गेलं? खरं कारण तिच्याकडे होतं, पण ते सांगणारा एकही कागद तिच्याकडे नव्हता.

इथे बाहेरच्या माणसाला प्रश्न पडतो की औषधं सहा महिन्यांची असताना वर्ष का जावं? आणि आजाराची बाधा तर त्याआधीच कमी झालेली असते. याचं उत्तर आजारात नाही, आपल्या सत्रांच्या मांडणीत आहे. पाचवं सत्र बहुतेक महाविद्यालयांत फक्त जून-जुलैला सुरू होतं. ते ऑगस्ट ते ऑक्टोबर बुडालं की प्रात्यक्षिकं, सबमिशन, टर्मवर्क सगळं बुडालं, आणि तेच वर्ग पुन्हा भरणार ते पुढच्या जूनमध्ये. परीक्षा हिवाळ्यातही होते आणि उन्हाळ्यातही होते, पण शिकवणं वर्षातून एकदाच होतं. म्हणून तीन महिन्यांचं दुखणंही विद्यार्थ्याला बारा महिन्यांना पडतं. एक वर्षाची मागणी ऐकून ‘एवढं काय मोठं झालंय’ असं म्हणणाऱ्यांनी हे गणित आधी करून पाहावं. वर्ष विद्यार्थी मागत नाही, वेळापत्रक त्याच्यावर लादतं.

आपल्याकडे याला जुने दाखले आहेत. टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष शरीर कमावण्यात घालवलं आणि त्या वर्षी ते परीक्षेत मागे पडले, ही गोष्ट आपण शाळेपासून कौतुकाने सांगतो. आज कुणी तसं केलं तर हजेरीच्या यादीत त्याच्या नावापुढे काय लिहिलं जाईल? पण मला त्याहून मोलाचा दाखला बाबासाहेब आंबेडकरांचा वाटतो. १९१६ मध्ये ते लंडनला अर्थशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी दाखल झाले आणि वर्षभरात बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यामुळे त्यांना परतावं लागलं. निघताना त्यांनी काय केलं, हे पाहण्यासारखं आहे. त्यांनी विद्यापीठाकडून रीतसर परवानगी घेतली की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे सुरू करता येईल. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि एका मित्राचं कर्ज घेतलं, आणि १९२० मध्ये मुदतीच्या आत ते परत लंडनला गेले. १९२१ मध्ये एमएस्सी, १९२३ मध्ये डीएस्सी. या खंडाचं कारण आजारपण नव्हतं, पैसा होता. ती परवानगी हातात नसती तर एवढ्या ओढाताणीनंतर त्यांना दारातच पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती.

घरच्या धंद्याचं कारण पुढे आलं की बैठकीतले चेहरे बदलतात, म्हणून हे सांगते आहे. आजारपण समजतं, पण दुकान सांभाळायला वर्षभर सुट्टी? हा आक्षेप अगदीच फोल नाही. शिक्षण सोडून गल्ल्यावर बसायचं निमित्त म्हणून धंदा पुढे करणारी मुलं असतात, आणि मुलाला गल्ल्यावर बसवू पाहणारे बापही असतात. पण आपल्याकडच्या घरांत आजारपण आणि धंदा या दोन वेगळ्या गोष्टी नसतात. बाप आजारी पडला की त्याच दिवशी दुकान आजारी पडतं.

निफाड तालुक्यातला एक विद्यार्थी मला आठवतो. मेकॅनिकलचं दुसरं वर्ष संपलं आणि मे २०१६ मध्ये त्याच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. खतं-औषधांचं दुकान, गिऱ्हाईक सगळं द्राक्ष बागायतदार. तो अर्ज घेऊन आला तेव्हा त्यावर लिहिलं होतं, ‘घरगुती अडचणीमुळे एक वर्ष सवलत मिळावी. अडचण दूर होताच परत येईन.’ मी त्याला समोर बसवून विचारलं, अडचण नेमकी केव्हा दूर होणार? तो म्हणाला, ‘मॅडम, उधारी वसूल झाली की.’ आणि मग त्याने मला त्यांच्या दुकानाचं वर्ष समजावून सांगितलं. ऑक्टोबरच्या छाटणीपासून बागायतदार औषधं उधारीवर नेतो. माल फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतो. व्यापाऱ्याचे पैसे आले की तो दुकानदाराचे देतो. म्हणजे जो माणूस ऑक्टोबरात वहीवर नाव लिहितो, तोच एप्रिल-मेमध्ये वसुलीला ओळखीचा असावा लागतो. वडील बोलू शकत नव्हते, आणि कुणाकडे किती बाकी आहे, हे निम्मं वहीत होतं, निम्मं त्यांच्या डोक्यात. हे ऐकल्यावर मला उमगलं की एक वर्ष हा आकडा त्याने हवेतून काढलेला नव्हता. द्राक्षाच्या हंगामाने तो ठरवला होता.

अर्ज आम्ही तीनदा लिहिला. तिसऱ्या वेळी त्यात खंड कधीपासून कधीपर्यंत, हे शैक्षणिक वर्षासकट आलं: २०१६-१७ पूर्ण, रुजू होणार जून २०१७, पाचव्या सत्राला. चुलतभाऊ डिसेंबरपासून दुकानात बसेल आणि मार्चपर्यंत गिऱ्हाईक त्याच्या ओळखीचं होईल, हे आलं. गणित-तीनची केटी बाकी होती, ती खंडाच्याच काळात हिवाळी परीक्षेत सोडवेन, असं त्याने लिहिलं, आणि त्यासाठी नाव पटावर ठेवावं, परीक्षेचा फॉर्म भरू द्यावा, अशी स्पष्ट विनंती केली. शैक्षणिक कर्ज होतं, म्हणून बँकेसाठी महाविद्यालयाचं पत्र मागितलं, कारण बँकेला कळवलं नाही तर अभ्यासक्रम संपण्याची जुनी तारीख धरूनच हप्त्याचा हिशोब सुरू होतो. वडिलांच्या दवाखान्याचे कागद जोडले, आईची सही घेतली.

आणि एक गोष्ट त्याला मी बजावून सांगितली: काही झालं तरी एलसी घ्यायची नाही. ऑफिसातल्या कारकुनाने त्याला आधी तोच सल्ला दिला होता. ‘दाखला काढून घे, पुढच्या वर्षी बघू.’ भल्या मनाने दिलेला सल्ला होता, पण दाखला काढला की प्रवेश संपतो. मग परत येणं म्हणजे नव्याने प्रवेश मागणं, जागा रिकामी आहे का हे पाहणं आणि नियमांच्या दारात उभं राहणं. खंड आणि प्रवेश रद्द करणं यांतला फरक त्या एका कागदावर ठरतो, आणि अनेक मुलं तिथेच, न कळत, कायमची बाहेर पडतात.

आता विरोधातल्या सगळ्यात वजनदार मुद्द्याकडे येते. गेलेली मुलं परत येत नाहीत, असं जुने शिक्षक सांगतात, आणि ते खोटं सांगत नाहीत. दुकानाला मुलाची सवय लागते, मुलाला रोजच्या रोख पैशाची. मुलींच्या बाबतीत तर वर्षभर घरी बसणं म्हणजे स्थळं पाहायला सुरुवात. खंड मंजूर करणं म्हणजे गळतीला शिक्का मारून देणं नाही का, असं एका सहकारी बाईंनी मला विचारलं होतं. हा प्रश्न मला अजून अस्वस्थ करतो. पण खंड नाकारल्याने ती मुलगी वर्गात बसलेली राहते का? ती जातेच, फक्त न सांगता जाते, आणि तिच्या हातात काहीच राहत नाही. पालकाच्या सहीने ‘जून महिन्यात रुजू होईल’ असं लिहिलेला कागद घरातल्या बोलण्यात तिच्या बाजूने उभा राहू शकतो. तो दरवेळी पुरा पडेल, असं मी म्हणणार नाही. म्हणूनच आराखड्यात महाविद्यालयाचंही काम लिहिलेलं हवं: मधल्या काळात निदान दोनदा, नोव्हेंबरात आणि मार्चमध्ये, एका ठरलेल्या शिक्षकाने त्या घरी फोन करायचा. फी थकली की आपण घरी फोन करतोच ना?

गैरवापराची भीती मला त्यामानाने हलकी वाटते. खोटं वैद्यकीय प्रमाणपत्र मिळतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण खोटं प्रमाणपत्र लोक हजेरी वाचवायला आणतात, वर्ष घालवायला नव्हे. वर्ष जाणं हीच एवढी मोठी किंमत आहे की उगाच ती कुणी मोजत नाही. पळवाट बुजवायचीच असेल तर एक साधा नियम पुरे: त्या सत्राचा परीक्षा अर्ज भरण्याच्या मुदतीआधी खंडाचा अर्ज यायला हवा, मागच्या तारखेने खंड नाही, आणि अपघात किंवा अचानक दाखल व्हावं लागलं असेल तरच अपवाद. आजाराचं नाव सगळ्या समितीपुढे वाचण्याचीही गरज नाही. डॉक्टरांनी किती काळ विश्रांती हवी ते लिहावं, आणि परत येताना फिटनेसचं पत्र द्यावं. क्षयाच्या त्या मुलीला एवढी हमी मिळाली असती तर ती ऑगस्टमध्येच माझ्या केबिनमध्ये आली असती, असं मला आजही वाटतं.

आणि ‘तरतूद नाही, जागा नाही’ हे उत्तर तर मला मुळीच पटत नाही. दरवर्षी वायडीची मुलं पुढच्या वर्षी त्याच वर्गात येऊन बसतात. त्यांच्यासाठी बाक असतो, रोल नंबर असतो, प्रयोगशाळेत बॅच असते. नापास होऊन परत येणाऱ्याला जागा आहे आणि सांगून जाऊन परत येणाऱ्याला नाही, याला काय म्हणायचं? फीचं म्हणाल, तर खंडाच्या वर्षाची पूर्ण फी मागणं अन्यायाचं आहे. नाव पटावर ठेवण्यापुरती नाममात्र रक्कम समजू शकते.

दुसऱ्या टोकाला नव्या धोरणाचे उत्साही लोक आहेत. त्यांचा मुद्दा खरा आहे: २०२१ च्या नियमांनुसार ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये मिळवलेले क्रेडिट ७ वर्षांपर्यंत ग्राह्य धरता येतात. पण क्रेडिट जपलं म्हणजे विद्यार्थी जपला, असं होत नाही. बँकेत क्रेडिट राहतं, वर्गातली जागा राहत नाही, वसतिगृहाची खोली तर नाहीच. एक-दोन वर्षांनी प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणं ही ‘एक्झिट’ आहे. ज्याला बाहेर पडायचंच नाही, ज्याला थांबून परत यायचं आहे, त्याची सोय त्यात आपोआप होत नाही. शिवाय पदवीला एकूण मुदत असते. यूजीसीच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नेमलेल्या कालावधीपुढे दोन वर्षं, आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी एक. खंडाचं वर्ष त्यात धरलं जाणार की नाही, हे मंजुरीच्या पत्रात लिहून घेतलं पाहिजे, विशेषतः मागे केटी तुंबल्या असतील तर. शिष्यवृत्तीचंही तसंच. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीच्या अटींत अभ्यासक्रमादरम्यान दोन किंवा अधिक वर्षांचा खंड नको, असं आहे. एक वर्ष चालतं, म्हणून ते एकच राहावं, याची काळजी घ्यावी लागते. हवं तेव्हा जा, हवं तेव्हा या, असं म्हणणारे या अटी मुलांना सांगत नाहीत.

विद्यापीठ पीएचडी करणाऱ्या महिलांना प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांची रजा देऊ शकतं, ही तरतूद २०१६ पासून आहे. २०२१ च्या अखेरीस यूजीसीने पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठीही प्रसूती रजेचे नियम करा, असं विद्यापीठांना कळवलं. म्हणजे शिकता शिकता आयुष्य घडतं, हे तत्त्व आपण मान्य केलेलंच आहे. आजारपण आणि घराचा आधार कोसळणं याच आयुष्यात येतं.

राहिली विद्यापीठाची सही. विद्यार्थ्याने आपली बाजू कितीही चोख लिहिली, तरी तो परत येईपर्यंत अभ्यासक्रम बदललेला असू शकतो. निफाडच्या मुलाने दुसरं वर्ष २०१२ पॅटर्नमध्ये केलं होतं. २०१५ पासून नवा पॅटर्न पहिल्या वर्षाला लागू झाला आणि दरसाल एक पायरी वर चढत गेला. त्याच्या मागून आलेली तुकडी, जिच्यासोबत तो आता बसणार होता, ती सगळी २०१५ पॅटर्नची होती. सोबतचे मित्र पुढे निघून गेले, जुना पॅटर्न त्यांच्यासोबत गेला. असं झालं की एखादा विषय तिसऱ्या वर्षातून दुसऱ्यात सरकलेला असतो आणि परतलेल्या मुलाला तो कधीच शिकवला जात नाही, किंवा एखादा विषय दोनदा वाट्याला येतो. विद्यापीठं समकक्ष विषयांच्या याद्या काढतात, पण परत आलेल्या मुलाच्या हातात ती यादी जूनमध्ये पडली तर उपयोगाची, दिवाळीत पडली तर नाही. खंड मंजूर करणाऱ्या पत्रातच लिहिलेलं हवं की परतताना कोणता पॅटर्न लागू होईल, कोणते विषय समकक्ष धरले जातील आणि कोणता जास्तीचा विषय द्यावा लागेल. ही माहिती विद्यार्थी कुठून आणणार? ती फक्त विद्यापीठाकडे असते.

त्या मुलाचं वर्ष आराखड्याप्रमाणे सरळ गेलं नाही. गणित-तीन हिवाळी परीक्षेत सुटला. पण नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी आली, ऐन औषधांच्या हंगामात गिऱ्हाइकाच्या हातात रोकड नव्हती, आणि उधारीची वही फुगली. मार्चमध्ये मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, ‘मॅडम, अजून एक वर्ष लागेल असं वाटतंय.’ मी त्याला त्याचाच अर्ज वाचून दाखवला. चुलतभाऊ डिसेंबरपासून बसतोय ना? बसतोय. गिऱ्हाईक त्याला ओळखतं का? ओळखतं. मग राहिलेली वसुली तो करेल की नाही? फोनवर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, आईला विचारून सांगतो.

जून २०१७ च्या तिसऱ्या आठवड्यात तो मंजुरीचं पत्र प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून स्टुडंट सेक्शनच्या खिडकीवर उभा होता. कारकुनाने पटावर नाव शोधलं, ते होतं. पहिल्याच महिन्यात, वर्कशॉपच्या तासाला त्याचा फोन सारखा वाजत होता. १ जुलैपासून जीएसटी लागू झाला होता आणि दुकानात बिलं कशी फाडायची, हे चुलतभावाला कळत नव्हतं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, फोन बंद करून बॅगेत टाकला आणि लेथवर परत गेला.